बुडालेला पावसाळा डिसेंबरात भरून निघत नाही : संशोधन अनुदान कार्यालयास खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
संशोधन अनुदान कार्यालय

विषय : क्षेत्रकाम खंडित झाल्याने पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालास मुदतवाढ मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कार्यालयाचे पत्र गेल्या आठवड्यात महाविद्यालयात पोहोचले. मजकूर दोनच वाक्यांचा आहे. मुदतवाढीची विनंती मान्य करता येत नाही, आणि अहवाल ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत न आल्यास दुसरा हप्ता रोखला जाईल. आधीच्या माझ्या पत्रांनाही हेच उत्तर आले होते, फक्त जावक क्रमांक वेगळा होता. विनंती का नाकारली हे एकाही पत्रात नाही. मी काय लिहिले होते ते कुणी वाचले असावे, असे त्या उत्तरांवरून वाटत नाही. म्हणून आता तेच सविस्तर आणि उघड लिहितो आहे. अनुदानाचा पैसा लोकांचा आहे, तेव्हा त्यातून होणारे काम कशाने अडते तेही लोकांना कळायला हरकत नसावी.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वनस्पतीशास्त्र शिकवतो. आपण मंजूर केलेला प्रकल्प सड्यावरच्या पावसाळी वनस्पतींचा आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. डिसेंबर ते मे तिथे काळा तापलेला कातळ असतो. सातबाऱ्यावर यातली बरीच जमीन पोटखराब म्हणून नोंदलेली असते, आणि उन्हाळ्यात पाहणाऱ्याला ते पटतेही. पाऊस सुरू झाला की याच कातळावर, बोटभर मातीत आणि साचलेल्या डबक्यांत, चार-साडेचार महिन्यांत एक अख्खे जग उगवते, फुलते, बी धरते आणि मरते. आधी दीपकाडी येते. मग गेंद, आभाळी, दवबिंदू, सीतेची आसवं, तेरडा, कवला, आणि शेवटी गवते. कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर ठिकाणांबरोबर जागतिक वारसा यादीत गेले, त्यामुळे तिथली फुले सगळ्यांना माहीत झाली. किनाऱ्याजवळच्या सड्यांवर त्याच कुळांतल्या कितीतरी वनस्पती आहेत, पण त्यांच्या वाट्याला ना तिकीटखिडकी आली ना संरक्षण.

आमचा प्रश्न साधा आहे. पाऊस लवकर किंवा उशिरा आला तर या वनस्पतींच्या फुलण्याच्या वेळा किती सरकतात? सगळ्या सारख्याच सरकतात, की काही पावसाबरोबर धावतात आणि काही आपल्या वेळेलाच येतात? त्यासाठी आपण तीन पावसाळे मंजूर केले : २०२५, २०२६ आणि २०२७. काम कसे चालते तेही सांगतो, कारण माझी सगळी तक्रार त्यावरच उभी आहे. सड्यावर कायमचे चौकोन आखलेले आहेत. प्रत्येक चौकोन एक मीटर बाय एक मीटर, चार कोपऱ्यांना जांभ्यात ठोकलेले खिळे आणि त्यावर रंगाचा ठिपका. काही उघड्या कातळावर, काही उथळ मातीत, काही डबक्यांच्या काठाला, काही कडेच्या खोल मातीत. दर पंधरवड्याला प्रत्येक चौकोनावर पाईपची चौकट ठेवायची. तिला दोऱ्या ओढून शंभर घरे केलेली असतात. मग कोणती वनस्पती शंभरपैकी किती घरांत आहे, त्यातल्या किती घरांत ती कळीत, फुलात, फळात आहे, आणि लोखंडी सळई कातळाला लागेपर्यंत माती किती खोल आहे, हे सगळे लिहायचे. पावसात कागद टिकत नाही, म्हणून वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि हातात पेन्सिल. चौकटीशी दोन माणसे लागतात. एक पालथा पडून भिंगातून बघतो आणि आकडे सांगतो, दुसरा लिहितो.

आता यंदा काय झाले ते.

मंजुरीचे पत्र मार्चमध्ये आले. महाविद्यालयाच्या खात्यात पहिला हप्ता जमा झाला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. पैसे येईपर्यंत क्षेत्र सहायक नेमता येत नाही, कारण जाहिरात, मुलाखत आणि नेमणूक हे सगळे निधी हातात आल्यावरच करण्याचा नियम आहे. एरवी हे खपून गेले असते. दक्षिण कोकणात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो, आणि पहिले दहा दिवस गेले तरी सांभाळून घेता येते. पण २०२५ साली मोसमी पाऊस २५ मे रोजी कोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी, आणि १९५० पासूनच्या नोंदींत मुंबईत इतका लवकर तो कधी आला नव्हता. ज्या प्रश्नासाठी आपण पैसे दिले, त्या प्रश्नासाठी यापेक्षा चांगले वर्ष मागूनही मिळाले नसते. पहिल्या सरी पडल्या की थोड्याच दिवसांत दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. त्या वेळी आपला निधी टपालात होता. मी पदरमोड करून, स्कूटरवर, जमेल त्या रविवारी जाऊन आलो. सुरुवातीच्या नोंदी आहेत त्या तेवढ्याच.

जूनअखेर सहायक रुजू झाला. तो सड्याखालच्या वाडीतलाच मुलगा आहे, पदवीधर, आणि कुठल्या डबक्यात पाणी किती दिवस टिकते हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. काम रांगेला लागले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पऱ्याला आलेल्या पाण्यात सड्याकडे जाणारा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, वाहून गेला. दुसरी वाट घाटाकडून जाते. तिथे उतार खचायला लागला म्हणून प्रशासनाने ती बंद केली आणि ग्रामपंचायतीने सड्यावर जाण्यास मनाईचा फलक लावला. यात कुणाचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ ला इरशाळवाडी पाहिलेल्या कोकणात खचणारा उतार कुणी उघडा ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. साकवाची दुरुस्ती मात्र रेंगाळली. गणपतीच्या आधी सगळी यंत्रणा चाकरमान्यांच्या वाटेतले खड्डे बुजवण्यात गुंतलेली असते, आणि गुरे चारायला जाणाऱ्यांच्या साकवाचा नंबर विसर्जनानंतर लागतो. आम्ही पुन्हा सड्यावर पोहोचलो तेव्हा सप्टेंबर निम्मा होत आला होता.

तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, दोन महिन्यांहून थोडा जास्त काळ, आमच्याकडे एकही नोंद नाही.

वर्षभराच्या कामात दोन महिने गेले तर काय बिघडले, असे आपल्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्यांनी मला फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून एकाच चौकोनाचे उदाहरण घेऊन उत्तर देतो.

उथळ मातीतल्या एका चौकोनात ८ जुलैला माती चार सेंटिमीटर खोल भरली. सीतेच्या आसवांचा एकही देठ नव्हता. गेंदाची रोपे होती, पण त्या वयात ती नुसती पात्यांची चकती असते आणि कुठलीही जात दुसरीसारखीच दिसते. पुढची नोंद १४ सप्टेंबरची. सीतेची आसवं शंभरपैकी ६२ घरांत, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांत फळे धरलेली, काही फळे तर फुटून रिकामी झालेली. फुटलेले फळ दिसले याचा अर्थ फुलणे बरेच आधी सुरू झाले होते. किती आधी? जुलैअखेर, की ऑगस्टच्या मध्यात? ६२ हा चढता आकडा आहे, की भर येऊन गेल्यानंतरचा उतरता? वही याबद्दल काहीच सांगत नाही.

आमच्याकडे पाऊस दीड-दोन आठवडे आधी आला. त्याने फुलणे सरकले असेल तर ते आठ-दहा दिवसांनी, फार तर पंधरा दिवसांनी. दर पंधरवड्याला पाहणी झाली असती तर पहिल्या फुलाची तारीख जास्तीत जास्त पंधरा दिवसांनी चुकली असती. हीच मुळात आमच्या पद्धतीची मर्यादा आहे. म्हणून तर एकाच चौकोनावर न थांबता पुष्कळ चौकोनांच्या नोंदी एकत्र पाहतो. पण मध्ये दोन महिन्यांची फट असेल तर तारीख दोन महिन्यांनी चुकू शकते, आणि सगळ्या चौकोनांत फट एकच असल्यामुळे चौकोन कितीही वाढवले तरी ती बुजत नाही. पंधरा दिवसांचा फरक दोन महिन्यांच्या फटीतून मोजायचा, हे गणित कुठल्याच संख्याशास्त्रात बसत नाही.

गेंदाचे आणखी वेगळे. त्याच्या जाती ओळखायच्या तर बोंडातली बारीक फुले सूक्ष्मदर्शकाखाली सोडवावी लागतात आणि पिकलेल्या बीची साल बघावी लागते. लवकर फुलणाऱ्या जातींची बोंडे सप्टेंबरच्या मध्यात झडून गेलेली होती. आमच्या यादीत त्या आता 'गेंद, जात अनिश्चित' अशा राहिल्या आहेत. पुढच्या पावसाळ्यात त्याच चौकोनात पुन्हा उगवलेले गेंद बोंडावर असताना मिळाले, तरच त्यांना नाव लागेल.

त्याच फोनवर एक उपाय सुचवला गेला. मधल्या तारखांचे आकडे दोन्ही बाजूंच्या नोंदींवरून काढावेत, आणि जातींची नावे छापील साहित्यातून भरावीत, म्हणजे अहवाल पूर्ण होईल. सूचना मदतीच्या हेतूने केली होती यात मला शंका नाही. म्हणून ती करून पाहिली. ८ जुलैला शून्य, १४ सप्टेंबरला ६२, तर सरळ रेषेने १५ ऑगस्टला पस्तीसच्या आसपास येतात. आकडा दिसायला सभ्य आहे. पण वर्षायू वनस्पती सरळ रेषेत वाढत नाही. ती झपाट्याने भरते, भर गाठते आणि ओसरते. १५ ऑगस्टला त्या चौकोनात नव्वद घरे भरलेली असू शकतात, किंवा पाचच. पस्तीस लिहिले तर ते निरीक्षण नसेल, मी रचलेला आकडा असेल. पुढे दहा वर्षांनी कुणी आमच्या तक्त्यावर विसंबून 'लवकर आलेल्या पावसाचा परिणाम दिसला नाही' असे लिहिले, तर त्याला हा रचलेला आकडा ओळखता येणार नाही. छापील साहित्यातल्या फुलण्याच्या वेळा 'ऑगस्ट ते ऑक्टोबर' अशा महिन्यांत दिलेल्या असतात आणि अनेक वर्षांच्या, अनेक ठिकाणच्या असतात. यंदा वेगळे काय झाले हे शोधण्यासाठी त्याच वापरायच्या, तर प्रकल्पाची गरजच उरत नाही.

मग आता, डिसेंबरात जाऊन राहिलेले काम का करत नाही? कारण तिथे आता काही नाही. दिवाळीनंतर गवत कापून नेतात. उरलेले वाळते, आणि पुढे कुठे कुठे वणवा लागतो. सीतेची आसवं नावालाही उरत नाहीत, त्यांची बी धुळीसारखी कातळाच्या फटीत गेलेली असते. प्रयोगशाळेतले यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करून प्रयोग तीन महिन्यांनी पुन्हा लावता येतो. इथे बुडालेला ऑगस्ट भरून काढायला पुढचा ऑगस्टच लागतो. आपल्या नियमावलीतली जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदतवाढ मिळाली, तरी मला मार्चअखेर हाच अपुरा तक्ता पाठवावा लागेल.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, पुराव्याची. नैसर्गिक कारणाने काम खंडित झाल्यास सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे, असे आपली नियमावली सांगते. मी तहसील कार्यालयाचे पत्र जोडले. वाट कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ग्रामपंचायतीचा दाखला आणि वाहून गेलेल्या साकवाची छायाचित्रेही जोडली. प्रमाणपत्र विहित नमुन्यात नाही आणि तालुका आपद्ग्रस्त घोषित झालेला नाही, असे सांगून ते परत आले. विहित नमुना मागितला, तर असा नमुना अस्तित्वात नाही असे कळले. तालुका आपद्ग्रस्त नव्हताच. बाजारपेठ चालू होती, शाळा चालू होत्या, एसटी वेळेवर नसली तरी धावत होती. बंद होती ती आमच्या कामाच्या जागेची वाट. शेतीच्या नुकसानभरपाईसाठी केलेले निकष संशोधनाच्या खंडाला लावायचे, तर कुठलाच खंड कधी सिद्ध होणार नाही.

दुसरी, तक्त्याची. प्रगती अहवालाच्या ऑनलाइन नमुन्यात अपेक्षित काम, झालेले काम आणि टक्केवारी असे रकाने आहेत. एकही रिकामा ठेवता येत नाही. 'निरीक्षण नाही' असे लिहिले तर तो अक्षरे घेत नाही, आकडाच मागतो. शून्य लिहिले तर 'वनस्पती आढळली नाही' असा अर्थ होतो, आणि तो खोटा आहे. पाहिले नाही आणि आढळले नाही या दोन नोंदींत क्षेत्रकामाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि आपल्या नमुन्यात त्यासाठी जागाच नाही. आपण मागता तो आकडा मी आज देऊ शकतो. पण तो दिला, तर आपल्या दप्तरी प्रकल्प 'समाधानकारक' ठरेल आणि माझ्या वहीशी त्याचा संबंध उरणार नाही.

तिसरी आणि सगळ्यात गंभीर तक्रार हप्त्याची. पूर्ण अहवाल आल्याशिवाय दुसरा हप्ता नाही. दुसरा हप्ता मेपूर्वी आला नाही, तर २०२६ च्या पहिल्या सरींनाही आम्ही सड्यावर नसू. आणि २०२६ चा पावसाळा नीट झाला नाही, तर अहवाल कधीच पूर्ण होणार नाही. यातली कुठलीही एक गाठ सोडवणे आपल्या हातात आहे. माझ्या हातात एकही नाही.

यात भरडला जातो तो क्षेत्र सहायक. त्याचे मानधन हप्त्याला बांधलेले आहे. वाट बंद होती त्या काळात त्याने आधी गोळा केलेले नमुने वाळवून कागदावर चढवले, जुन्या नोंदी संगणकावर भरल्या, आणि साकवापर्यंत जाऊन पाणी उतरले का ते बघून येत राहिला. आपल्या लेखा शाखेने या काळाच्या मानधनावर 'क्षेत्रकाम झाले नसल्याने देय नाही' असा शेरा मारला आहे. क्षेत्रकाम थांबले होते, पण तो कामावर होता. त्याला मुंबईत एका सुरक्षा कंपनीत नोकरी मिळते आहे. त्याने ती घेतली तर मी त्याला दोष देणार नाही. पण सड्यावरचे खिळे अंधुक पावसात शोधून काढणारा दुसरा माणूस पुढच्या जूनपर्यंत तयार होणार नाही, हेही खरे.

खिळ्यांवरून आठवले. दिवाळीनंतर सड्याच्या एका बाजूला नवी चिरेखाण सुरू झाली. चिरे काढायच्या आधी जेसीबीने वरची माती खरवडून काढतात. त्यात आमचे दोन चौकोन खिळ्यांसकट गेले. जमीन खासगी आहे, मालकाला परवानगी असेल, तो माझ्या पत्राचा विषय नाही. एवढ्यासाठी सांगतो की 'प्रकल्प बंद करून दोन-तीन वर्षांनी पुन्हा अर्ज करा' हा जो पर्याय मला तोंडी सांगितला गेला, त्यात तोवर सडा जागेवर असेल असे गृहीत धरलेले आहे.

आता हिशेबाविषयी, कारण मुदतवाढ म्हटले की खर्चाची शंका येते. मी हिशेब लांबवायला मागत नाही. ३१ मार्चपर्यंतच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र, आपण सगळे ज्याला यूसी म्हणतो ते, सामान्य वित्तीय नियम २०१७ च्या नमुन्यात, लेखापरीक्षकाच्या सहीनिशी वेळेवर येईल. अनुदानावर बँकेत जमलेले व्याज नियमाप्रमाणे परत केले जाईल. वाट बंद असल्यामुळे प्रवासखर्चाच्या शीर्षातली रक्कम शिल्लक आहे, आणि ती त्यात शिल्लक म्हणूनच दिसेल. हिशेबाचा कागद आर्थिक वर्षाने बांधलेला आहे, हे मला मान्य आहे. प्रगती अहवाल कामाचा कागद आहे, आणि हे काम पावसाने बांधलेले आहे. हे दोन कागद एकाच तारखेला अडकवावेत असे कुठला नियम सांगतो, ते मी माझ्या पत्रात विचारले होते. उत्तर आलेले नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालाची मुदत ३१ डिसेंबर २०२६ करावी, आणि पहिल्या व दुसऱ्या पावसाळ्याचा एकत्रित अहवाल स्वीकारावा. यासाठी जादा निधी नको. प्रकल्पाचा एकूण काळ तीन पावसाळ्यांचाच राहील.

२. तोवर काम दिसावे म्हणून मी ३१ जानेवारीपर्यंत स्थितीदर्शक टिपण देतो. त्यात प्रत्येक चौकोनाची पाहणी कोणत्या तारखांना झाली, कोणत्या झाली नाही, का झाली नाही, आणि आतापर्यंतच्या मूळ नोंदी जशाच्या तशा असतील. ते टिपण आणि यूसी यांच्या आधारे दुसरा हप्ता एप्रिलअखेर सोडावा. टिपणावर शंका असेल तर तज्ज्ञ समितीपुढे मला बोलवावे. वह्या घेऊन येईन.

३. शिल्लक प्रवासखर्चातून क्षेत्र सहायकाचे थकलेले मानधन देण्यास शीर्षबदलाची मंजुरी द्यावी. रक्कम मंजूर अनुदानाच्या आतली आहे.

४. ऑनलाइन नमुन्यात 'निरीक्षण झाले नाही' ही नोंद करण्याची सोय असावी, आणि खंडाच्या पुराव्यासाठी तहसील कार्यालयाचे किंवा वनविभागाचे साधे पत्र पुरेसे मानावे. वाट किती दिवस बंद होती हे त्यांना माहीत असते.

५. ही मागणी माझ्या एकट्याची नाही. पावसाळ्यात चालणारे प्रकल्प आपण दरवर्षी मंजूर करता : बेडकांचे, भातखाचरांचे, ओढ्यातल्या माशांचे, अळंब्यांचे. त्यांचा पहिला हप्ता मेच्या मध्यापूर्वी पोहोचेल अशी व्यवस्था करावी, आणि अशा प्रकल्पांसाठी 'एक हंगाम बुडाल्यास एक हंगाम' अशी मुदतवाढीची तरतूद नियमावलीत घालावी. तीन महिन्यांची सरसकट तरतूद या कामांना ना उपयोगाची ना उपद्रवाची.

विनंती अमान्य करायची असेल तर तोही आपला अधिकार आहे. फक्त या वेळी कारण लिहावे, आणि कोणत्या नियमाखाली ते नमूद करावे, म्हणजे मला अपील कुठे करायचे ते कळेल. तहसील कार्यालयाचे पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, चौकोनांचा नकाशा आणि ८ जुलै व १४ सप्टेंबरच्या नोंदींच्या प्रती पुन्हा एकदा जोडल्या आहेत. सहायकाने मुंबईच्या नोकरीचे उत्तर १५ जानेवारीपर्यंत द्यायचे आहे. तिसऱ्या मागणीवरचा निर्णय त्याआधी कळवावा, बाकीच्यांवर फेब्रुवारीअखेर चालेल.

आपला,
प्रकल्पप्रमुख,
वनस्पतीशास्त्र विभाग,
जि. रत्नागिरी
डिसेंबर २०२५